एक्स्पायरीचा इशारा बिलावर का येत नव्हता
औषध दुकानाच्या बिलिंग सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करताना एका औषधाला एकच बॅच देऊन थांबू नकोस. एका फार्मासिस्टच्या हातात मुदत संपलेली स्ट्रिप होती, तरी बिलिंग स्क्रीन गप्पच. टेस्टरकडे मात्र इशारा बरोबर यायचा. दोघांनी शेजारी बसून त्याच स्ट्रिपची बॅच निवडली, तेव्हा उलगडलं: तपासणी निवडलेल्या बॅचची नव्हतीच, त्या औषधाच्या `MAX(expiry_date)` ची, म्हणजे सगळ्या बॅचमधल्या सर्वांत उशिराच्या तारखेची होती. नवा माल चढला की जुनी बॅच झाकली जायची. खपाच्या औषधाचा माल तर सतत येतोच!

म्हणून दोन बॅच घे, एक गेल्या महिन्यात संपलेली, दुसरी वर्षभर चालणारी. जुनी निवडून बिल कर. स्ट्रिपवर नुसता महिना-वर्ष असेल तर मुदत त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत धरतात, त्यामुळे महिनाअखेर आणि पुढची एक तारीख, दोन्ही लावून बघ.