सकाळचा रिपोर्ट बंद कर

"ताई, मी वेंगुर्ल्याचा, वय ३२. पाच वर्षं झाली मी घेत नाही. आवडतच नाही, बाकी कारण काही नाही. आता काजूचा सिझन, दर शनिवारी मित्राच्या बागेत उराक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू. कधी गोळ्या चालू आहेत सांगतो, कधी उपास, तरी 'घे रे, काय्येक होवचा नाय' चालूच, आणि नाही म्हटलं की मी साधू. मी कोणाला नावं ठेवत नाही. उलट दुसऱ्या दिवशी ग्रूपवर कोण काय बरळला ते मीच लिहितो, सगळे हसतात. त्यांना वाईट न वाटता कसं सांगू?"

सगळे हसतात म्हणे. ज्याच्यावर लिहिलंस तो पण हसतो का रे, कधी बघितलंस? अरे बाबा, तू पीत नाहीस याचा कोणाला काय त्रास आहे, त्रास आहे तो रविवार सकाळचा. बागेत दहा जण सैल होऊन बसलेत आणि अकरावा शुद्धीत राहून सगळं टिपतोय, म्हणजे सीसीटीव्हीच की, मग त्याला दोन घोट पाजून बंद पाडायला बघणारच ना लोक! मी त्यांच्या जागी असते तर मीही ओतला असता.

आमच्या नात्यात एक काका होते, जन्मात थेंब घेतला नाही, पण प्रत्येक बैठकीला पहिलं बोलावणं त्यांना. सकाळी कोणी विचारलं काल काय झालं, तर म्हणायचे, "मी मासे खाय होतंय, माका काय ठावक." बस.

आणि त्या गोळ्या नि उपास सोड आता. गोळ्या म्हटलं की कोर्स कधी संपतो विचारतात, उपास म्हटला की उद्या सुटेल ना म्हणतात, 'आज नको' म्हटलं की पुढच्या शनिवारी तुझा ग्लास आधीच भरलेला. 'मी घेत नाही रे' एवढंच म्हण, हसून, आणि बाटली फिरायला लागायच्या आधी, कारण एकदा ओतल्यावर नको म्हटलं की ओतणाऱ्याचा अपमान होतो. लिव्हरबिव्हरचं तर नावच काढू नकोस. उराकात घालायला लिंबू सोडा, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची तिथे असतेच, तेच सगळं उराकाशिवाय घे आणि ग्लास अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नकोस, रिकामा हात दिसला की आग्रह सुरू होतो. कोणी विचारलंच आत काय आहे, तर सोडा आहे म्हणून सांग, लपवायचं कशाला? आणि लगेच विचार, बांगडे कोण भाजतंय.

पण हे सगळं नंतर. येत्या रविवारी ग्रूपवर एक अक्षर लिहायचं नाही. कोणी म्हणेलच, "काय रे, रिपोर्ट खंय?" तेव्हा काकांचं वाक्य तुला फुकट दिलं, वापर.