लग्नासाठी विचारायचंय, पण गाणं कोणतं लावू?

‘मॅडम, आम्ही तीन वर्षं एकत्र आहोत. आता तिला लग्नाचं विचारायचंय. संध्याकाळी एखादं गाणं असावं असं वाटतं, पण सगळी गाणी वापरून गुळगुळीत झालेली वाटतात. माझ्या मनातलं खरं वाटेल, फिल्मी वाटणार नाही, असं गाणं कसं निवडू?’

असाच प्रश्न घेऊन एक तरुण माझ्याकडे आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्याने हॉटेलच्या गच्चीवरचं टेबल ठरवलं होतं, तिथल्या गायकाला फर्माईशही सांगून ठेवली होती. गाणं होतं ‘भातुकलीच्या खेळामधली राजा आणिक राणी’. तिला अरुण दाते आवडतात आणि चाल हळुवार आहे, एवढ्यावर त्याने ते निवडलं होतं. मी त्याला ते तिथेच, शब्दांकडे लक्ष देऊन ऐकायला सांगितलं. त्या गाण्यात डाव अर्ध्यावर मोडतो आणि राजाराणीची ताटातूट होते. ते संपेपर्यंत त्याचा चेहरा उतरला होता. लहानपणापासून कानावर पडलेल्या गाण्यांचं असंच होतं. धृपद पाठ असतं, पुढची कडवी आपण कधी ऐकलेलीच नसतात.

मग त्याने ‘सांग कधी कळणार तुला’ सुचवलं. गोड गाणं आहे, पण ते मनातलं अजून समोरच्याला कळलेलं नाही अशा माणसाचं. तीन वर्षं सोबत असलेल्या मुलीला काय कळायचं राहिलंय? आपली बहुतेक प्रेमगीतं प्रेमाच्या कबुलीची किंवा विरहाची आहेत. लग्नाचं विचारणं म्हणजे ‘आता इथेच राहा’ असं म्हणणं, आणि तेवढं म्हणणारी गाणी फार थोडी. त्यामुळे एकेका गाण्याबद्दल मी एवढंच विचारते: यात कोण कोणाला काय सांगतंय, आणि तुम्हाला तेच सांगायचंय का?

‘शुक्रतारा मंद वारा’ या कसोटीला उतरतं, कारण त्यात जवळ राहण्याचीच विनवणी आहे. पण भावगीतांच्या प्रत्येक कार्यक्रमात ते होतं, त्यामुळे स्पीकरवर लावलं तर कार्यक्रमासारखंच वाटतं. मुळात ते युगुलगीत आहे. दोघांनाही गाता येत असेल तर नदीकाठी, वाद्यांशिवाय, सूर थोडा हलला तरी चालेल, स्वतः गा. मग ते जुनं वाटत नाही.

त्या मुलाला मी शेवटी विचारलं, कोणी ऐकत नसताना ती काय गुणगुणते? तो म्हणाला, ‘झोपाळ्याचं काहीतरी.’ ते होतं ‘दिवस तुझे हे फुलायचे’. शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल यशवंत देवांची, आवाज पुन्हा अरुण दात्यांचाच. शेवटच्या कडव्यात तो तिला आपल्या घरापाशी जराशी थांबायला सांगतो. हे कडवं ऐकल्यावर त्याने हॉटेल रद्द केलं आणि नुकत्याच भाड्याने घेतलेल्या घराची बाल्कनी ठरवली. गाण्याने जागा ठरवली, हे मला फार आवडलं.

जागेचा विचार खरंच करावा लागतो. समुद्रावर वारा आणि लाटा मोबाईलचा आवाज गिळून टाकतात. तिथे शब्दप्रधान भावगीत वाया जातं, जाताना गाडीत ऐकलेलं बरं. लाँग ड्राइव्हवर ‘मुंबई-पुणे-मुंबई’मधलं ‘कधी तू’सारखं आजच्या वळणाचं गाणं खुलतं. गजबजलेल्या हॉटेलात शब्द ऐकूच येत नाहीत, तिथे नुसती बासरी किंवा गिटारवर वाजवलेली ओळखीची चाल पुरते. आणि घरचे आसपास असतील तर ‘मालवून टाक दीप’ नको. ते एकांताचं गाणं आहे.

मॉलमध्ये नाच बसवून, गर्दीसमोर, कॅमेरे रोखून विचारायला मात्र मी स्पष्ट नको म्हणते. तिथे मुलीला ‘मला थोडा वेळ दे’ म्हणायचीही सोय उरत नाही. टाळ्यांच्या दडपणाखाली दिलेला होकार घेऊन नंतर माझ्याकडे आलेली जोडपी मी पाहिली आहेत.

बाकी साधं आहे. गाणं आधीच डाउनलोड करा, नाहीतर नेमक्या वेळी मध्येच जाहिरात लागते. त्यानंतर दुसरं गाणं आपोआप सुरू होणार नाही, हेही बघा. गाणं चालू असताना विचारू नका. ते पूर्ण संपू द्या आणि मग तुमच्या रोजच्या बोलीत विचारा. त्या मुलाने तसंच केलं. ती लगेच हो म्हणाली नाही. आधी तिच्या नाशिकच्या नोकरीचं काय, आई एकटी आहे तिचं काय, यावर दोघं रात्री उशिरापर्यंत बोलत बसले. होकार दुसऱ्या दिवशी आला.