नव्या घराचे नऊ दिवस नेमके किती?

प्रश्न: "बारा वर्षे भाड्याने राहिल्यावर मागच्या वर्षी स्वतःचा फ्लॅट घेतला. पहिले तीन-चार महिने हवेत होतो. आता काहीच वाटत नाही, सगळे पूर्वीसारखेच. असे का होते? माझ्यातच काही दोष आहे का?"

दोष तुमच्यात नाही आणि घरातही नाही. मोठा लाभ झाल्यावर उसळलेला आनंद काही काळाने ओसरतो आणि मन आपल्या सवयीच्या पातळीजवळ परत येते, याला मानसशास्त्रात हेडॉनिक अ‍ॅडाप्टेशन म्हणतात. आपल्याकडे 'अंगवळणी पडणे' एवढे म्हटले तरी भागते. पण 'नव्याचे नऊ दिवस' म्हणून विषय तिथेच मिटवणे मला पटत नाही, कारण ते नऊ दिवस प्रत्यक्षात किती लांबतात आणि त्यानंतर हाती काय उरते, हे बऱ्यापैकी मोजले गेलेले आहे. योगायोगाने त्यातले सर्वांत नेटके मोजमाप घरांच्याच बाबतीत झाले आहे. मी नोकरीत असताना कुटुंब-सर्वेक्षणांची आकडेवारी तपासण्याचे काम बरीच वर्षे केले, म्हणून उत्तर त्या बाजूने देतो.

मोजण्यातली पहिली अडचण अशी की, घर घेणारी आणि न घेणारी माणसे मुळातच वेगळी असतात. ज्याला घर घेता आले त्याची मिळकत, तब्येत, घरातली परिस्थिती बहुधा आधीपासूनच बरी असते. त्यामुळे दोघांच्या समाधानाची तुलना केली, तर त्यातले घरामुळे किती आणि बाकी गोष्टींमुळे किती, हे सुटे करता येत नाही. ही अडचण टळते ती घर चिठ्ठ्या टाकून दिले तर. टेचो ही संस्था लॅटिन अमेरिकेतल्या झोपडवस्त्यांत अगदी गरीब कुटुंबांना साधी घरे बांधून देते. मागणारे पुष्कळ आणि पैसा मर्यादित, म्हणून एल साल्वाडोर, मेक्सिको आणि उरुग्वे या तीन देशांत कोणाला घर द्यायचे हे सोडतीने ठरवण्यात आले, आणि गालियानी, गर्टलर व उंदुरागा या अर्थशास्त्रज्ञांना हवी तशी तुलना आयती मिळाली. घर म्हणजे सुमारे १८ चौरस मीटरची, आपल्या हिशेबाने १९० चौरस फुटांच्या आसपासची तयार भिंतींची एक खोली. नळ नाही, न्हाणीघर नाही, स्वयंपाकाची वेगळी सोय नाही. पण पत्रे आणि पुठ्ठे जोडून केलेल्या झोपडीतून आलेल्या माणसाला पावसात न गळणारे छप्पर आणि चिखलापासून उचललेली जमीन मिळाली, तर तो बदल लहान नव्हे.

घर मिळालेल्यांचे आपल्या जगण्याविषयीचे समाधान, सोडतीत नंबर न लागलेल्यांच्या तुलनेत, चांगलेच वाढलेले आढळले. पुढे त्या घरात कमी काळ राहिलेली आणि जास्त काळ राहिलेली कुटुंबे यांची तुलना केली, तेव्हा सरासरी आठ महिन्यांच्या अंतरात त्या वाढीपैकी सुमारे ६० टक्के भाग नाहीसा झालेला दिसला. उदाहरणादाखल आकडे घेऊ. समजा, एखादी बाई दहापैकी पाच गुण देत होती आणि नव्या घरात आल्यावर सहा देऊ लागली, तर आणखी आठ महिन्यांनी ती ५.४ च्या आसपास येईल. घर तेच होते, छप्परही गळू लागले नव्हते.

इथे एक इशारा द्यायला हवा, कारण हा निष्कर्ष सांगताना लोक नेहमी घसरतात. ६० टक्के गेले याचा अर्थ ४० टक्के त्या वेळेपर्यंत शिल्लक होते. ते पुढे राहिले की गेले, हे एवढ्या मोजणीवरून सांगता येत नाही. 'शेवटी सगळे शून्यावर येते' हे वाक्य तिथे कुठेही नाही.

आता हे होते कसे, ते मला माझ्या आईमुळे जास्त चांगले कळले. १९८९ साली आम्ही चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतून डोंबिवलीत तिसऱ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. चाळीत पाणी पहाटे साडेचार ते साडेपाच यायचे आणि नळ सामायिक, त्यामुळे आईचा दिवस हंडे-कळश्यांच्या रांगेत सुरू व्हायचा. फ्लॅटमध्ये गच्चीवरच्या टाकीचे पाणी दिवसभर होते. तरी पहिला महिना-दीड महिना ती साडेचारला उठायची, स्वयंपाकघरातला नळ सोडायची, धारेखाली हात धरून थोडी उभी राहायची आणि पुन्हा येऊन पडायची. हळूहळू तिचे उठणे थांबले. पाणी भरायचे पितळी पिंप माळ्यावर गेले. दुसऱ्या दिवाळीपर्यंत तिची तक्रार सुरू झाली होती की, खालच्या मजल्यांवर पाणी कसे जोरात येते आणि आपल्याकडे मात्र धार बारीक. तक्रार खरी होती. टाकी डोक्यावरच असल्याने वरच्या मजल्याला दाब कमीच मिळतो. पण दीड वर्षापूर्वी तिची तुलना चाळीतल्या रांगेशी होती, आता ती पहिल्या मजल्यावरच्या बाईंच्या नळाशी होती.

यात दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आहेत. एक म्हणजे मापाची काठी सरकली. जे मिळाले तेच नवे 'साधे' झाले आणि अपेक्षा तिथून पुढे मोजली जाऊ लागली. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, ती लक्षाची. पाणी येणे ही बातमी असेपर्यंत मन तिथे जात होते. ते रोज, न चुकता येऊ लागल्यावर त्याकडे बघण्याचे कारण उरले नाही आणि मन मोकळे होऊन मुलांच्या परीक्षा, सासूचे दुखणे, पगाराची तारीख यांकडे वळले. तुमचे बारा वर्षांचे घरभाडे, घरमालकाचे फोन, अकरा महिन्यांनी होणारा करार हे सगळे असेच नजरेआड झाले असणार. एखादी काळजी संपते तेव्हा तिची जागा रिकामी राहत नाही. तिथे दुसरी काहीतरी येऊन बसते आणि पहिली गेल्याची नोंदही राहत नाही.

लक्षाचा हा भाग मोठा आहे, असे मी का म्हणतो त्याला आधार आहे. जर्मनीत १९८४ पासून दरवर्षी त्याच त्या कुटुंबांना प्रश्न विचारणारे एक मोठे सर्वेक्षण चालते. त्यात 'तुम्ही घराबाबत किती समाधानी आहात?' हा प्रश्न वेगळा असतो आणि 'एकूण आयुष्याबाबत किती समाधानी आहात?' हा वेगळा. नाकाझातो, शिम्माक आणि ओइशी यांनी २०११ साली चांगल्या घरासाठी जागा बदललेल्या लोकांची उत्तरे पाहिली. घराविषयीचे समाधान घर बदलल्यावर ठळकपणे वाढले होते आणि पुढची काही वर्षे ते वाढलेलेच राहिले. मात्र एकूण आयुष्याविषयीचे समाधान जवळजवळ हलले नाही. म्हणजे घर विटले नव्हते. विचारले तर माणसे अजूनही म्हणत होती की घर छान आहे. पण आयुष्याचा विचार करताना ते घर त्यांच्या डोळ्यांसमोर येत नव्हते. तुम्ही स्वतःला हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारून पाहा. पहिल्याचे उत्तर मागच्या वर्षीइतकेच चांगले आले, तर तुमचे 'काहीच वाटत नाही' हे बहुधा याच प्रकारचे आहे.

या विषयावर वाचायला लागलात की १९७८ चा लॉटरीचा अभ्यास तुमच्यासमोर येईलच, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा सांगितला जातो. ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातले २२ मोठे लॉटरी विजेते, २२ सामान्य लोक आणि अपघातात अपंगत्व आलेले २९ जण यांना सध्याच्या सुखाचे ० ते ५ मध्ये गुण द्यायला सांगितले. विजेत्यांची सरासरी ४.०० आली आणि सामान्यांची ३.८२. हा फरक इतक्या थोड्या माणसांत योगायोगानेही पडू शकतो. अपघातग्रस्तांची सरासरी मात्र २.९६ होती, म्हणजे स्पष्टपणे खाली. 'लॉटरी लागो की पाय जावोत, माणूस सारखाच सुखी' हे त्यावरून निघतच नाही. शिवाय प्रत्येकाला एकदाच विचारले गेले; आधी ते किती सुखी होते हे कोणी मोजले नव्हते. त्यातला मला खरोखर रोचक वाटणारा आकडा दुसराच आहे: न्याहारी, मित्राशी गप्पा, विनोद ऐकणे अशा रोजच्या गोष्टींतला आनंद विजेत्यांनी ३.३३ सांगितला आणि सामान्यांनी ३.८२. मोठ्या आनंदाने लहान आनंदांची किंमत उतरवली असावी, असे अभ्यासकांचे म्हणणे होते.

आणि मूळ पातळीवर परत येणे हा काही गुरुत्वाकर्षणासारखा नियम नाही. स्वीडनमधल्या लॉटरी विजेत्यांना बक्षिसानंतर ५ ते २२ वर्षांनी विचारले, तेव्हा आयुष्याविषयीचे त्यांचे समाधान तितक्या वर्षांनंतरही थोडे वाढलेले आढळले. रोजच्या मनःस्थितीवरचा परिणाम मात्र त्याहून बराच कमी होता. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला आणि त्यात माणसे पुष्कळ होती, म्हणून मी त्याला १९७८ च्या अभ्यासापेक्षा जास्त वजन देतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण विचारतो: नवे घर कामाच्या ठिकाणापासून लांब गेले आहे का? त्याच जर्मन सर्वेक्षणावरून स्टुट्झर आणि फ्राय यांनी दाखवले की, ज्यांचा रोजचा प्रवास लांबचा आहे ते कमी समाधानी असतात, आणि चांगले घर किंवा पगार ती तूट पुरी भरून काढत नाही. मला याचे कारण असे वाटते की, खोली रोज तीच असते, पण प्रवास रोज तोच नसतो. आज गाडी उशिरा, उद्या दारात लटकून, परवा पावसाने रूळ पाण्याखाली. सरावायला जे स्थैर्य लागते ते तिथे मिळतच नाही. असे असेल तर तुमच्या घराचा आनंद अंगवळणी पडला आणि त्रास मात्र दररोज ताजा राहिला, असा दुहेरी हिशेब झाला असेल.

ही सगळी चर्चा घरापुरतीच आहे, हेही लक्षात घ्या. जेवण, मित्र, आवडीचे काम, यांतले कशातच मन रमत नसेल आणि झोप बिघडली असेल, तर ते सरावणे नव्हे. त्यासाठी डॉक्टरांना भेटावे.

तसे नसेल, तर पडताळा घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे काही दिवस घराबाहेर राहणे. सलगपणा तुटला की सराव थोडा उतरतो. मालिश मध्येच थांबवून पुन्हा सुरू केले तर लोकांना ते अधिक सुखद वाटते, असे २००८ च्या एका प्रयोगात आढळले होते. आई दर मे महिन्यात कोकणात माहेरी जायची आणि पंधरा दिवस रहाटाने विहिरीचे पाणी काढून यायची. परतल्यावर पिशव्या खाली ठेवायच्या आधी ती स्वयंपाकघरातला नळ सोडायची आणि पहिल्या महिन्यासारखीच धारेखाली हात धरून उभी राहायची. तिसऱ्या दिवशी धार पुन्हा बारीक झालेली असायची.