रमजान दरवर्षी अलीकडे का सरकतो?

प्रश्न: दहा-बारा वर्षांपूर्वी रमजान ऐन पावसाळ्यात यायचा, आता मार्चच्या आसपास येतो. दिवाळी मात्र कधी उन्हाळ्यात येत नाही. दोन्ही चंद्रावरच चालतात ना? मग असं का?

ऋतूंचा चंद्राशी काहीही संबंध नाही, इथून सुरुवात करू. ऊन-पाऊस-थंडी ठरते ती पृथ्वी सूर्याभोवतीच्या फेरीत कुठे आहे यावर, आणि ती फेरी ३६५.२४ दिवसांची. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस लागतात. असे बारा महिने मोजले की ३५४.३७ दिवस होतात. म्हणजे चांद्र वर्ष संपतं तेव्हा पृथ्वीची फेरी पुरी व्हायला अजून जवळपास ११ दिवस बाकी असतात. नवं वर्ष तिथूनच सुरू होतं, पुढच्या वर्षी आणखी ११ दिवस आधी.

आपल्याकडच्या ईद-उल-फित्रच्या तारखा पाहा: २०१८ मध्ये १६ जून, २०१९ मध्ये ५ जून, २०२० मध्ये २५ मे, २०२१ मध्ये १४ मे, २०२२ मध्ये ३ मे. पुढे २०२५ मध्ये ३१ मार्च. नेमका फरक १०.८७ दिवसांचा आहे, पण हिजरी महिना चंद्रदर्शनाने २९ किंवा ३० दिवसांचा ठरतो आणि आपल्या कॅलेंडरात लीप वर्षं येतात, त्यामुळे एखाद्या वर्षी १० किंवा १२ दिवसही दिसू शकतात.

दिवाळीचं उत्तर अधिक महिन्यात आहे. लक्ष्मीपूजन २०२१ मध्ये ४ नोव्हेंबरला होतं, २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला. इथपर्यंत तेच ११ दिवसांचं सरकणं. मग २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला गेलं. साचलेली तूट आपण दर अडीच-तीन वर्षांनी एक महिना घालून भरून काढतो. इस्लाममध्ये असा महिना वाढवायला स्पष्ट मनाई आहे. वर्षाचे महिने बाराच, असं कुराणाच्या नवव्या सुऱ्यात आहे. त्यामुळे तिथे तूट साचतच जाते आणि साधारण ३३ वर्षांत रमजान सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. १९९७ मध्ये तो जानेवारीत सुरू झाला आणि डिसेंबरच्या अगदी अखेरीस पुन्हा सुरू झाला. २०३० मध्येही तसंच होणार आहे.

उपासनेला हे फिरणं चालतं. शेतसाऱ्याला चालत नाही. वसुलीची तारीख चांद्र महिन्यावर बांधली, तर काही वर्षांत ती पीक उभं असताना येते, मग पेरणीच्याही आधी. रयत देणार कुठून? शिवाय ३३ पिकांवर ३४ वर्षांचा हिशेब निघतो. म्हणूनच दख्खनेत सुहूर सन चालला, आणि मला या विषयातला सगळ्यात मोलाचा भाग तोच वाटतो. हिजरी ७४५ म्हणजे इ.स. १३४४ या वर्षापासून आकडा तोच ठेवला, पण वर्ष सौर केलं. ते सूर्य मृग नक्षत्रात शिरला की सुरू होतं, आताच्या तारखेने ७ जूनच्या सुमारास. शेतकऱ्याचं वर्षही तिथेच सुरू होतं.

मराठेशाहीच्या कागदांत हा सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ असं दिसलं तर २, ७०, १०० आणि १००० मिळवायचे: ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१, म्हणजे जून १७७१ ते जून १७७२ हे वर्ष. त्या वेळी खरा हिजरी सन ११८५ चालू होता. १३४४ मध्ये दोन्ही आकडे एकच होते, मग १३ वर्षं आली कुठून? मधल्या ४२७ सौर वर्षांत दरवर्षी १०.८७ दिवस साचले, ते सुमारे ४,६४० होतात. त्यांना ३५४ ने भागा, १३ चांद्र वर्षं निघतात. आकाशातला हिशेब दप्तरात असा तंतोतंत सापडतो.

एक मेख मात्र लक्षात ठेवा. या कागदांत वर्ष सौर असलं तरी महिने मोहरम, सफर, रमजान असे हिजरीच असतात, आणि ‘छ’ पुढचा आकडा चंद्राची तारीख दाखवतो. ३६५ दिवसांच्या वर्षात ३५४ तारखा मावून ११ दिवस उरतात. म्हणून वर्षाच्या सुरुवातीच्या काही तारखा त्याच सुहूर सनात अखेरीस पुन्हा येतात. मृगाच्या आगेमागे पडणारी तारीख असेल तर कागदातला वार किंवा मजकूर पाहिल्याशिवाय ती कुठल्या टोकाची हे ठरत नाही. आणि सुहूर सनाला हिजरी समजून बसलात, तर वरचा ११७२ थेट १७५८-५९ मध्ये जाऊन पडेल. मग माधवराव पेशव्यांच्या काळातला कागद तुम्ही पानिपताच्या आधीचा म्हणून वाचाल.