'सीआयएफ रॉटरडॅम' म्हणजे जबाबदारी कुठपर्यंत?

प्रश्न: 'आमच्या हळदीच्या कोटेशनवर सीआयएफ रॉटरडॅम लिहिलंय. म्हणजे माल रॉटरडॅमला पोचेपर्यंत जबाबदारी आमचीच ना? आणि इनव्हॉइसवर भाडं-विमा वेगळा दाखवायचा की सगळं एकाच रकमेत?'

नाही, जबाबदारी तिथपर्यंत नसते. खर्च मात्र तिथपर्यंतचा तुमचाच. हे दोन्ही एकच समजल्यामुळे बराच गोंधळ होतो.

सीआयएफ म्हणजे मालाची किंमत, विमा आणि भाडं मिळून दिलेला दर. अशा संज्ञांना इन्कोटर्म्स म्हणतात. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने त्या पहिल्यांदा १९३६ मध्ये ठरवल्या आणि सध्याची आवृत्ती २०२० ची आहे. संज्ञेपुढे ठिकाणाचं नाव येतं आणि खरी मेख त्या नावात आहे. 'एफओबी न्हावा शेवा' म्हटलं की तुमचा खर्च आणि तुमची जोखीम दोन्ही न्हावा शेवाला, माल जहाजावर चढला की संपतात. पुढचं भाडं आणि विमा खरेदीदार बघतो. 'सीआयएफ रॉटरडॅम' मध्ये रॉटरडॅम हे फक्त भाडं कुठपर्यंत भरलंय ते सांगतं. जोखीम इथेही न्हावा शेवालाच, जहाजावर, खरेदीदाराकडे जाते. वाटेत जहाज बुडालं तरी कागदपत्रं बरोबर असतील तर पैसे मागण्याचा तुमचा हक्क कायम राहतो आणि विमा कंपनीकडे दावा खरेदीदार करतो. विम्याचा हप्ता तुम्ही भरता, पण ते संरक्षण त्याच्यासाठी असतं.

म्हणूनच तो विमा किती द्यायचा हेही ठरलेलं आहे: करारातल्या किमतीच्या किमान ११० टक्के, आणि वेगळं काही ठरलं नसेल तर 'इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस सी' इतका. हा 'सी' फार तोकडा आहे. आग, जहाज बुडणं, टक्कर असले मोठे अपघात त्यात येतात, चोरी येत नाही. कंटेनरमध्ये पाणी शिरून हळद भिजली, तर असा मोठा अपघात कारण असल्याशिवाय त्याचीही भरपाई मिळत नाही. हळदीसारख्या मालासाठी खरेदीदाराशी आधीच बोलून 'ए' हा सर्वांत व्यापक क्लॉज घ्यावा आणि तसं कोटेशनवर लिहावं, असं माझं ठाम मत आहे. हप्त्यातला फरक ज्याने सोसायचा, त्याचं नावही तिथेच लिहून टाका.

आता इनव्हॉइस. समजा १२,००० किलो हळद, किलोला २ डॉलर एफओबी. मालाची किंमत झाली २४,००० डॉलर. भाडं १,५०० धरू आणि विम्याचा दर ०.२ टक्के. इथे एक वळसा आहे: विमा सीआयएफ किमतीच्या ११० टक्क्यांवर काढायचा आणि त्या किमतीत विम्याचा हप्ताही धरलेला असतो. म्हणून २४,००० आणि १,५०० यांची बेरीज, २५,५००, हिला १ वजा (१.१ × ०.००२) म्हणजे ०.९९७८ ने भागायचं. सीआयएफ किंमत येते २५,५५६.२२ डॉलर, आणि हप्ता ५६.२२. इनव्हॉइसवर चार ओळी कराव्यात: एफओबी किंमत, भाडं, विमा आणि खाली एकूण सीआयएफ रॉटरडॅम.

खरेदीदार कधीकधी एकच आकडा मागतो आणि तोही चालतो. पण आपल्या सीमाशुल्काच्या शिपिंग बिलात भाडं आणि विमा वेगळे सांगावेच लागतात, कारण त्यांना एफओबी मूल्य हवं असतं. ड्रॉबॅकचे, म्हणजे निर्यातीवर परत मिळणाऱ्या शुल्काचे, दर बहुतेक ठिकाणी एफओबी मूल्याच्या टक्केवारीत असतात. भाडं कमी दाखवलं की एफओबी मूल्य फुगतं आणि मग चौकशी होते. फोड आधीपासून इनव्हॉइसवर असली की दोन कागद एकमेकांशी जुळतात.

भाड्याची ओळ वेगळी दाखवली म्हणजे प्रत्यक्षात लागलं तेवढं भाडं खरेदीदाराकडून वसूल करता येतं, असं मात्र समजू नका. सीआयएफ किंमत एकदा ठरली की भाडं वाढल्याचा फटका तुम्हालाच बसतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि भाडी चढली. तेव्हा जुन्या सीआयएफ दरांत अडकलेल्या विक्रेत्यांना ती वाढ स्वतः सोसावी लागली. म्हणून कोटेशनवर मुदत टाका. भाडं वाढल्यास फरक कोणाचा, हे ठरलं असेल तर तेही त्याच ओळीत लिहा. नंतर इनव्हॉइसवर नवी ओळ घालून ते साधत नाही, विशेषतः एलसी, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेली पैशांची हमी, असेल तर.

बँकेत कागद देण्याआधी बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती, एकदा पाहून घ्या. सीआयएफ असेल तर त्यावर 'फ्रेट प्रीपेड' हवं, एफओबी असेल तर साधारणपणे 'फ्रेट कलेक्ट'. इनव्हॉइसवर सीआयएफ आणि बिलावर 'कलेक्ट' असं आलं तर एलसीखाली बँक ते कागद विसंगत ठरवून अडवून ठेवू शकते.