ब्लॉक हिल आणि चवड्याचं दुखणं

"रोज ऑफिसला तीन इंची स्टिलेटो घालते. संध्याकाळी चवड्याची आग होते, कंबर भरून येते. तेवढ्याच उंचीची ब्लॉक हिल घेतली तर थांबेल का?"

ताई, चवड्याची आग तेवढ्याने थांबणार नाही. मी नांदेडला फिजिओथेरपिस्ट आहे आणि ही अपेक्षा बऱ्याच जणींची असते. रुंद टाचेमुळे घोटा डगमगत नाही, गुळगुळीत फरशीवर पाय मुरगळायची भीती कमी होते. पण चवड्यावर किती भार यायचा ते उंची ठरवते.

अनवाणी उभं राहिलं की निम्म्याहून जास्त वजन टाचेवर असतं. टाच जितकी उचलाल तितकं ते पुढे सरकतं, आणि पुढेही सगळीकडे सारखं वाटलं जात नाही. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या मुळाशी एकवटतं. टोकदार बुटात बोटं आवळली जातात, त्याचा त्रास आणखी वेगळा.

माझ्याकडे बँकेत काउंटर सांभाळणारी एक मुलगी येत होती. तिने स्टिलेटो सोडून ब्लॉक घेतली, उंची तीच. चालणं सुधारलं, पण दुसऱ्या बोटाखालचा घट्टा जाईना. तिच्या बुटाचं आतलं अस्तर पाहिलं तर नेमकं त्याच जागी काळपट होऊन दबलं होतं. तुमचेही बूट उजेडात धरून बघा.

मग आम्ही पट्टी घेतली. मागची उंची साडेसात सेंटिमीटर, चवड्याखालचा तळ एक, म्हणजे खरा उतार साडेसहाचा. दुकानात हीच वजाबाकी करा. पुढचा तळ जाड आणि कडक असेल तर उंच दिसणारा जोडही पायाला कमी उताराचा असतो. पाऊल लहान असेल तर त्याच उंचीचा चढ जास्त तीव्र होतो. रोजसाठी मी तीन-चार सेंटिमीटरचा फरक आणि पुढे बोटं पसरतील एवढी रुंदी सुचवते. तिला त्यानेच आराम पडला.

कंबरेचं म्हणाल तर हिलने प्रत्येकीच्या कंबरेचा बाक वाढतोच असं नाही. मोजमापात काहींचा तो उलट कमी झालेला दिसतो. घोटा मात्र खाली झुकलेला राहतो, गुडघा किंचित वाकतो आणि तोल सावरायला मांड्या-पाठीचे स्नायू दिवसभर ताणून धरावे लागतात. कंबर भरून येण्यामागे हेही एक कारण असू शकतं.

एकदम सपाट चपलेवर येऊ नका. वर्षानुवर्षं हिल घातल्याने पोटरी आखडलेली असते, ती ओढते आणि टाचेमागची शीर दुखते. आधी पाच सेंटिमीटर, काही आठवड्यांनी त्याहून कमी, आणि सोबत भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण रोज द्या. तिसऱ्या-चौथ्या बोटामध्ये मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल किंवा चवडा सुजत असेल तर बूट बदलून वाट बघत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.