६० की १६०? वजन उचलणाऱ्याच्या ताटातील प्रथिनांचा हिशेब

“मॅडम, जिममधले सर म्हणतात रोज १६० ग्रॅम प्रोटीन पाहिजे, आणि आमचे डॉक्टर काका म्हणतात ६० पुरे. दोन महिने झाले पावडर घेतोय, तरी वजन उतरतंय आणि स्क्वॉटसुद्धा वाढेना. कोणाचं ऐकू?”

परभणीहून आलेल्या या ३१ वर्षांच्या तरुणाचे वजन ७४ किलोवरून ७२ वर आले होते आणि आठवड्यातून चार दिवस तो नियमाने वजने उचलत होता. मी त्याला आधी हे सांगितले की दोन्ही आकडे हवेतून आलेले नाहीत. फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. काकांचा आकडा प्रतिकिलो ०.८३ ग्रॅम या भारतीय शिफारशीतून आलेला आहे. ती सर्वसाधारण निरोगी प्रौढाची गरज भागावी म्हणून ठरवलेली आहे. स्नायू वाढवण्याचा विचार त्यात नाही. जिममधील आकडा मात्र ‘एका पौंडाला एक ग्रॅम’ या जुन्या हिशेबातून येतो. ७२ किलो म्हणजे सुमारे १५९ पौंड, म्हणून १६० ग्रॅम.

वजने उचलणाऱ्यांवरील ४९ चाचण्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा सरासरी प्रतिकिलो १.६ ग्रॅमच्या पुढे प्रथिने वाढवूनही स्नायूंची वाढ अधिक होत नाही, असे दिसले. त्या सरासरीभोवतीची अनिश्चितता मोठी होती आणि तिची वरची कड २.२ पर्यंत जात होती, म्हणून जिमच्या सरांना मी चूक म्हणणार नाही. पण ती कड म्हणजे प्रत्येकाची रोजची गरज नव्हे. या तरुणासाठी १.६ गुणिले ७२, म्हणजे साधारण ११५ ग्रॅम हे लक्ष्य मी धरले आणि एखाद्या दिवशी १०० झाले तरी काळजी करू नये, असे सांगितले. ज्यांच्या अंगावर चरबी बरीच जास्त आहे, त्यांनी मात्र हा गुणाकार आजच्या वजनाशी न करता उंचीला साजेशा वजनाशी करावा, नाहीतर आकडा विनाकारण फुगतो.

मग वजन का उतरत होते? पावडर सुरू करण्यापूर्वीचे त्याचे ताट मी त्याच्याकडून लिहून घेतले. दिवसभरात शाळूच्या चार भाकरी, प्रत्येकी ७० ग्रॅम पिठाची धरली तर सुमारे २८ ग्रॅम प्रथिने. दोन वाट्या घट्ट वरणातून १२. शेंगदाण्याची चटणी, पोहे, दही, चहातले दूध आणि भाज्या मिळून आणखी २५. म्हणजे ६५ ग्रॅम त्याला घरच्या जेवणातूनच मिळत होते, ही गोष्ट त्याला कोणीच सांगितलेली नव्हती. पावडरचे तीन स्कूप सुरू झाल्यावर पोट भरलेले राहू लागले, ‘भाकरीत काही नसते’ असेही त्याने कुठेतरी ऐकले होते, म्हणून भाकरी दोनवर आल्या आणि रात्रीचा भातही सुटला. प्रथिने वाढली, पण एकूण ऊर्जा घटली. ऊर्जा कमी पडली की शरीर आलेल्या प्रथिनांचा काही भाग इंधन म्हणून जाळते, आणि उचलायला जोर राहत नाही. वजन उतरणे, स्क्वॉट अडणे आणि त्याने संकोचत सांगितलेला बद्धकोष्ठ, या तीन खुणा एकत्र आल्या की मी पावडरच्या डब्याआधी भाकरीची चौकशी करते.

आम्ही चारही भाकरी आणि भात परत आणला. त्या ६५ ग्रॅमवर तीन अंड्यांचे १८, एका मोठ्या पेल्याभर दुधाचे ८, ५० ग्रॅम फुटाण्यांचे १० आणि ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांचे १५ असे मिळवले. बेरीज ११६ झाली. अंडी न खाणाऱ्याने त्या जागी १०० ग्रॅम पनीर घेतले तरी हिशेब जुळतो. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळीत ते भरपूर असते, त्यामुळे भाकरीबरोबर वरण पातळ पाण्यासारखे नको, घट्टच हवे, हा माझा आग्रह असतो. हे सारे एकाच जेवणात न कोंबता तीन-चार वेळांत विभागले, म्हणजे प्रत्येक वेळी साधारण ३० ते ४० ग्रॅम येतात. व्यायामानंतर अर्ध्या तासाच्या आत घेतलेच पाहिजे, ही धास्ती मी त्याच्या मनातून काढून टाकली. पावडर वाईट नाही. प्रवासात किंवा सोयाबीन नको वाटेल त्या दिवशी एक स्कूप, म्हणजे सुमारे २४ ग्रॅम, चालेल.

त्याच्या आईला मूत्रपिंडाची भीती होती. निरोगी मूत्रपिंडांना एवढ्या प्रथिनांनी अपाय होतो असे आढळलेले नाही, परंतु मूत्रपिंडाचा आजार बराच काळ लक्षणांशिवाय राहू शकतो आणि तो असेल तर हाच आहार धोक्याचा ठरतो. म्हणून आहार बदलण्याआधी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घेतले. दोन्ही ठीक निघाले. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांना ही तपासणी झाल्याशिवाय मी प्रथिने वाढवू देत नाही.

आठ आठवड्यांनी तो आला तेव्हा वजन ७३.५ किलो होते, स्क्वॉट ७० किलोवरून ८० वर गेला होता, आणि पावडरचा दुसरा डबा अजून फोडलेला नव्हता.